वार्षिक वर्गणी कापली जाण्याआधीची एक सूचना

डोंबिवलीच्या फडके रोडवरील एक कापडाचे दुकान डोळ्यांसमोर आणावे. कुटुंब ठाण्यात राहते आणि धाकटे चिरंजीव कल्याणची शाखा सांभाळतात. हिशेबाच्या ॲपची वार्षिक वर्गणी त्यांनीच १४ नोव्हेंबरला घेतली. मूळ किंमत ४,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ८१० रुपये, मिळून ५,३१० रुपये झाले. कार्ड मात्र वडिलांचे वापरले. पुढच्या वर्षी त्याच सुमारास तेवढीच रक्कम आपोआप वजा होते आणि घरात प्रश्न उठतो, की कोणी विचारले कसे नाही?

बहुधा विचारलेले असते, पण भलत्या माणसाला.

रिझर्व्ह बँकेने २०१९ साली कार्डावरील आवर्ती वजावटीसाठी नियम आखले आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून ते काटेकोरपणे लागू झाले. त्यांनुसार कार्ड देणाऱ्या बँकेने रक्कम वजा होण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला एसएमएस किंवा ईमेलने कळवावे लागते. त्या सूचनेत विक्रेत्याचे नाव, रक्कम, वजावटीची तारीख आणि आदेशाचा संदर्भ क्रमांक असतो. शिवाय ती वजावट किंवा संपूर्ण आदेशच नाकारण्याची सोय असते. १५,००० रुपयांपर्यंतच्या वजावटीला त्या वेळी ओटीपी मागितला जात नाही. म्हणूनच आपल्या उदाहरणातले ५,३१० रुपये निःशब्द निघून जातात आणि ती एक सूचना हाच काय तो इशारा ठरतो.

ही सूचना बँकेत नोंदलेल्या क्रमांकावर जाते. वर्गणी घेतली मुलाने. संदेश गेला वडिलांच्या फोनवर. तेथे तो दिवसभराच्या शंभर संदेशांत बुडाला. त्यात विक्रेत्याचे नावही ओळखीचे असेल असे नाही. वर्गणी प्ले स्टोअरमधून घेतली असेल, तर ॲपच्या नावाऐवजी गूगलचे नाव दिसू शकते. वडिलांना ते परके वाटले, यात त्यांचा दोष नाही.

म्हणून सूचनेची वाट पाहण्यापेक्षा तारीख स्वतः शोधलेली बरी. ती कोठे सापडेल हे वर्गणी कोठून घेतली यावर अवलंबून असते. अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअर उघडून उजवीकडील आपल्या चित्रावर बोट ठेवावे, मग `Payments & subscriptions` आणि त्यात `Subscriptions`. प्रत्येक वर्गणीसमोर पुढील नूतनीकरणाची तारीख दिसते. मात्र ज्या गूगल खात्यातून वर्गणी घेतली तेच खाते तेथे निवडलेले हवे; यादी रिकामी दिसली की आधी हेच तपासावे. आयफोनवर `Settings` मध्ये वर आपल्या नावावर, तेथून `Subscriptions` मध्ये जावे. वर्गणी थेट कंपनीच्या संकेतस्थळावरून घेतली असेल, तर या दोन्ही याद्यांत ती सापडणार नाही. तेव्हा पहिल्या वर्षीचे जीएसटी बिल काढावे. त्यावर सहसा सेवेचा कालावधी छापलेला असतो. यूपीआयवरून घेतलेल्या वर्गण्या पेमेंट ॲपच्या ऑटोपे विभागात दिसतात. तेथे कधी कधी १५,००० असा आकडा पाहून जीव दचकतो. बदलत्या रकमेच्या आदेशात ती कमाल मर्यादा असते, कापली जाणारी रक्कम नव्हे.

तारीख मिळाली, तरी त्याच दिवसाची वाट पाहू नये. ॲपल तर नूतनीकरणाच्या किमान एक दिवस आधी रद्द करण्यास सांगते. आपल्या उदाहरणात तारीख १४ नोव्हेंबर असेल, तर निर्णय ७ तारखेपर्यंत व्हावा आणि ज्या रोजमेळात देणी टिपली जातात त्यातच ही नोंद असावी. दिवाळीच्या धामधुमीत ही तारीख सहज निसटते.

ॲप फोनवरून काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. बँकेतील आदेश रद्द केला तर पैसे थांबतात, पण कंपनीच्या खात्यात वर्गणी चालूच दिसते आणि थकबाकीचे ईमेल येत राहतात. आधी जेथे घेतली तेथे वर्गणी रद्द करावी, मग बँकेचा आदेश. रद्द केल्यावर भरलेल्या मुदतीपर्यंत सेवा बहुतेक ठिकाणी चालू राहते, त्यामुळे लवकर रद्द केल्याने सहसा नुकसान होत नाही. हिशेबाचे ॲप असेल तर मात्र जुन्या वर्षांची बिले आणि खाती आधी उतरवून घ्यावीत.

याच सूचनेची नक्कल करून ठकही संदेश पाठवतात. ‘उद्या रक्कम वजा होईल, थांबवण्यासाठी येथे दाबा’ असा संदेश आला, तर दुवा न उघडता बँकेचे ॲप स्वतः उघडून आदेशांची यादी पाहावी. तेथे त्या नावाचा आणि रकमेचा आदेश नसेल, तर पेमेंट ॲपचा ऑटोपे विभागही एकदा पाहावा. दोन्हीकडे काही नसेल, तर त्या संदेशावर विश्वास ठेवू नये.