श्टुटगार्टच्या मैत्रिणीला वाढदिवसाचा निरोप

रात्रीचे बारा वाजले की शुभेच्छा धाडायच्या, हा आपला शिरस्ता. पण साताऱ्याची मैत्रीण जर्मनीत श्टुटगार्टला नोकरीला असेल आणि तिचा वाढदिवस नोव्हेंबरात येत असेल, तर आपल्या मध्यरात्री तिच्याकडे आदल्या दिवसाचे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. जर्मनीत हे चालत नाही. तिथे वाढदिवस उजाडण्याआधी शुभेच्छा देणं अशुभ मानतात. तिला स्वतःला त्याचं काही वाटणार नाही, पण तिच्यासोबत जेवायला बसलेल्या जर्मन मित्रमंडळींच्या भुवया नक्की उंचावतील. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात आणि आपल्यातलं अंतर साडेतीन तासांचं साडेचार होतं. म्हणून आपल्या सकाळी साडेअकराला निरोप पाठवावा. तिच्याकडे तेव्हा सात वाजलेले असतात आणि कामावर जाताना ट्राममध्ये ती तो शांतपणे वाचू शकते.

वेळ जमली, आता मजकूर. ‘आई भवानी तुला उदंड आयुष्य देवो’ यात भावना खरी असते, पण हेच वाक्य तिला त्या दिवशी दहा जणांकडून येणार. आपण लिहिलेलं फक्त तिच्यासाठी आहे का, हे ओळखायला मी एक परीक्षा करते. तिचं नाव काढून तिथे दुसऱ्या मैत्रिणीचं घालायचं. निरोप तरीही चालला, तर तो अजून लिहून झालेला नाही. ‘तू खूप गोड आहेस’, ‘आपली मैत्री अशीच राहो’ ही वाक्यं या परीक्षेत लगेच गळतात. ‘किती मज्जा केली आपण कॉलेजात’ हेही गळतं, कारण त्यात कुठली मजा ते नाही.

मग उरतं काय? मागची एक गोष्ट आणि आत्ताची एक गोष्ट. मागची सगळ्यांना सुचते, आत्ताची राहून जाते. परदेशी गेलेल्या माणसाला जुन्या मित्रांचे निरोप बरेचदा गावातच अडकलेले मिळतात; वडापाव, पाऊस, कट्टा. वाचून तिला गहिवरून येतं, पण गेल्या चार-पाच वर्षांतली ती त्यात कुठेच नसते. तिच्या आजच्या दिवसातलं काहीतरी आपल्याला ठाऊक आहे, एवढं कळलं तरी निरोप जवळचा होतो. जर्मनीत वाढदिवस ज्याचा, केकही त्यानेच ऑफिसात न्यायचा, अशी रीत आहे. मी तिथूनच सुरुवात केली:

‘अगं, आज ऑफिसात केक तूच नेणार ना? दिवाळीत म्हणालीस की तिथल्या रव्याचा केक नीट फुगत नाही, मग यंदा काय केलंस? परवा राजवाड्यावरून जाताना आपला शेवटचा पेपर आठवला. पाऊस थांबायची वाट बघत उभ्या होतो आणि तू एकदम म्हणालीस, “मी जर्मन शिकणार.” मला वाटलं, पेपर अवघड गेलाय म्हणून बोलतेयस. वाढदिवसाच्या खूप शुभेच्छा गं. रविवारी तुझ्या दुपारी तीनला, म्हणजे माझ्या साडेसातला, फोन करते.’

यात शुभेच्छांचं वाक्य एकच आहे आणि तेही साधं. ते सजवायची गरज नाही, कारण आधीच्या ओळींनी त्याचं काम केलेलं असतं. आठवण सांगताना तिचे शब्द जसेच्या तसे ठेवले. ‘तू किती जिद्दी होतीस’ असं लिहिलं असतं, तर ते प्रशस्तिपत्रक झालं असतं. शेवटी दिवस आणि वेळ ठरवली, कारण ‘कधीतरी बोलू’ म्हटलं की ते बोलणं होत नाही.

एक वाक्य मात्र खोडलं: ‘इकडे कधी येणार?’ आपण ते प्रेमाने विचारतो. पण रजा, तिकिटाचे पैसे आणि घरच्यांची अपेक्षा यांचा हिशेब ती वर्षभर करत असते. नोव्हेंबरात तिथे लवकर अंधार पडतो. अशा दिवसांत हा प्रश्न वाढदिवसाच्या सकाळी नको. तिने येण्याचा विषय स्वतः काढला असेल तर गोष्ट वेगळी.

अशी आठवण एकदाच वापरता येते. पुढच्या वर्षी पुन्हा राजवाडा आणि पाऊस आला, तर तोही ठरीव मजकूर होईल. म्हणून फोनमध्ये तिच्या नावाची एक नोंद ठेवली आहे. बोलताना ती जे सहज सांगते, ते त्यात एका ओळीत टिपते: शेजारच्या आजी, नापास झालेली ड्रायव्हिंगची परीक्षा, बाल्कनीत लावलेली मेथी. त्या रविवारी केकचं काय झालं ते तिने सविस्तर सांगितलं, तेही त्या नोंदीत गेलं.