भाड्याच्या खोल्यांचा हिशेब: देय, जमा आणि थकबाकीची शीट

चार-सहा खोल्या भाड्याने दिलेले बहुतेक मालक संगणकावर हिशेब मांडताना एकच तक्ता करतात. डावीकडे खोल्यांची नावे, वर महिने आणि प्रत्येक चौकोनात त्या महिन्यात मिळालेली रक्कम. सगळे भाडेकरू वेळेवर आणि पूर्ण भाडे देत असतील तोवर हा तक्ता पुरतो. कोणी अर्धे भाडे दिले, कोणी दोन महिन्यांचे एकदम दिले किंवा मधेच भाडेकरू बदलला की तो अडतो. रिकामा चौकोन दिसला तर भाडे आले नाही, खोली रिकामी होती की नोंद करायची राहिली, हे त्यावरून कळत नाही. चौकोनात ५,००० दिसले तरी ते किती तारखेला आले आणि मुळात किती यायचे होते, हेही त्यात नसते.

अडचणीचे मूळ असे की भाड्याच्या व्यवहारात दोन स्वतंत्र घटना असतात. ठरलेल्या तारखेला भाडे देय होते, ही पहिली. पैसे हातात किंवा खात्यात येतात, ही दुसरी. दोन्हींच्या तारखा वेगळ्या, रकमाही वेगळ्या असू शकतात. म्हणून त्यांच्या याद्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. थकबाकी ही तिसरी घटना नव्हे. ती या दोन याद्यांतील फरक आहे. ती कधीही हाताने लिहू नये, सूत्रानेच काढावी.

यासाठी एका फाइलमध्ये चार शीट पुरतात: करार, देय, जमा आणि थकबाकी. जुन्या पद्धतीच्या वहीत कीर्द आणि खतावणी वेगळी असे, तसेच हे आहे.

‘करार’ शीटमध्ये प्रत्येक भाडेकरूची एक ओळ असते. त्यात संकेत, भाडेकरूचे नाव, कराराची सुरुवात व शेवट, मासिक भाडे, देय तारीख आणि डिपॉझिट एवढे कॉलम असावेत. संकेत खोलीला न देता कराराला द्यावा. तिसऱ्या खोलीतील पहिला भाडेकरू R3A, तो गेल्यावर येणारा R3B. नुसता खोलीचा क्रमांक वापरला तर आधीच्या भाडेकरूची बाकी नव्याच्या नावावर चढते. संकेतात आडवी रेघ घालू नये, कारण 3-2 असे टाइप केले की एक्सेल त्याची तारीख करून टाकते.

‘देय’ शीटमध्ये A कॉलमला देय तारीख, B ला संकेत, C ला तपशील (भाडे, लाइट बिल, मेंटेनन्स) आणि D ला रक्कम येते. करार झाला की त्याच्या सगळ्या महिन्यांच्या ओळी एकदमच भरून ठेवता येतात. भाडेकरू महिन्याच्या मध्येच आला तर पहिली ओळ दिवसांच्या हिशेबाने टाकावी. मासिक भाडे ९,००० असेल आणि तो १८ जूनला राहायला आला तर जूनचे १३ दिवस भरतात, म्हणून ३,९०० रुपये. पुढच्या तारखा EDATE या फंक्शनने काढता येतात, पण प्रत्येक तारीख पहिल्या तारखेपासून मोजावी, आधीच्या ओळीपासून नाही. देय तारीख ३१ जानेवारी असेल तर पुढची २८ फेब्रुवारी येते, आणि तिच्यापुढे एक महिना मोजला की २८ मार्च. महिनाअखेरची तारीख अशी कायमची मागे सरकते.

याच शीटमध्ये एक मोठी चूक होते. D कॉलममधली रक्कम ‘करार’ शीटमधून सूत्राने खेचून आणण्याचा मोह होतो. ११ महिन्यांनी करार त्याच संकेतावर पुढे चालवला, भाडे ८,५०० वरून ९,००० झाले आणि मालकाने ‘करार’ शीटमध्ये आकडा बदलला की मागचे ११ महिनेही ९,००० चे होतात. ज्याने एकही रुपया बुडवला नाही, त्याच्या नावावर ५,५०० रुपयांची खोटी थकबाकी उभी राहते. म्हणून देय रक्कम त्या त्या ओळीत आकड्यानेच लिहिलेली असावी.

‘जमा’ शीटमध्ये A ला पैसे मिळाल्याची तारीख, B ला संकेत, C ला रक्कम, D ला प्रकार (रोख, यूपीआय, चेक) आणि E ला व्यवहार क्रमांक. यूपीआयचा १२ अंकी क्रमांक लिहिणे कंटाळवाणे वाटले तरी तो लिहावाच. भाडे अनेकदा भाडेकरूच्या भावाच्या किंवा बायकोच्या खात्यातून येते आणि बँकेच्या विवरणात ओळखीचे नाव सापडत नाही. तेव्हा हा क्रमांकच उपयोगी पडतो. चेक परत गेला तर जुनी ओळ पुसू नये. तेवढीच उणे रक्कम नव्या तारखेने लिहावी. मालकाने काही रक्कम सोडून दिली तर तीही इथेच, प्रकारात ‘सूट’ असे लिहून टाकावी. भाडेकरू कंपनीने टीडीएस कापून भाडे दिले असेल तर कापलेल्या रकमेची स्वतंत्र ओळ करावी, नाहीतर दर महिन्याला तेवढी थकबाकी दिसत राहील. डिपॉझिट मात्र या शीटमध्ये येता कामा नये. ते भाडेकरूला परत द्यायचे पैसे आहेत. ते भाड्यात मिसळले की भाडेकरूने कित्येक महिन्यांचे आगाऊ भाडे भरल्यासारखे दिसते आणि खरी थकबाकी त्याखाली झाकली जाते.

‘थकबाकी’ शीटमध्ये प्रत्येक संकेताची एक ओळ असते. A2 मध्ये संकेत, B2 मध्ये आजवर देय झालेली रक्कम, C2 मध्ये आजवर जमा आणि D2 मध्ये बाकी:

```
B2: =SUMIFS('देय'!D:D,'देय'!B:B,A2,'देय'!A:A,"<="&TODAY())
C2: =SUMIFS('जमा'!C:C,'जमा'!B:B,A2)
D2: =B2-C2
```

पहिल्या सूत्रातील TODAY() मुळे पुढच्या महिन्यांच्या ओळी आधीच भरलेल्या असल्या तरी त्या त्यांच्या तारखेपर्यंत मोजल्या जात नाहीत. बाकी उणे आली तर ते आगाऊ आलेले भाडे समजावे.

बाकी किती हे एवढ्यावरून कळते, पण ती किती जुनी हे कळत नाही. भाडेकरूशी बोलायला किंवा नोटीस द्यायला वयच महत्त्वाचे असते. त्यासाठी आलेला पैसा कोणत्या महिन्याच्या भाड्यात वळता करायचा, हे ठरवावे लागते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५९ ते ६१ मध्ये याचा नियम आहे. पैसे कशापोटी आहेत हे देणाऱ्याने सांगितले आणि घेणाऱ्याने ते स्वीकारले, तर ते त्यापोटीच वळते करावे लागतात. त्याने सांगितले नसेल तर घेणारा ठरवू शकतो. दोघांनीही ठरवले नसेल तर सर्वांत जुने देणे आधी फिटते. शीटमध्ये हा शेवटचा क्रम धरणे सर्वांत सोपे. ‘देय’ शीटमध्ये E हा ‘फिटलेली रक्कम’ आणि F हा ‘उरलेली रक्कम’ असे दोन कॉलम वाढवावेत:

```
E2: =MAX(0,MIN(D2,SUMIFS('जमा'!C:C,'जमा'!B:B,B2)-SUMIFS(D$1:D1,B$1:B1,B2)))
F2: =D2-E2
```

त्या संकेताच्या एकूण जमेतून वरच्या ओळींची देणी वजा करायची आणि जे उरेल ते या ओळीला द्यायचे, एवढेच हे सूत्र करते. त्यामुळे ‘देय’ शीटमधील ओळी तारखेच्या क्रमाने असणे आवश्यक आहे. त्यानंतर ‘थकबाकी’ शीटमध्ये सर्वांत जुनी न फिटलेली तारीख आणि उलटलेले दिवस असे मिळतात:

```
E2: =MINIFS('देय'!A:A,'देय'!B:B,A2,'देय'!F:F,">0")
F2: =IF(D2>0,TODAY()-E2,0)
```

उदाहरणादाखल R3B हा करार घेऊ. भाडे ८,५००, देय तारीख दर महिन्याची ५, पहिले भाडे एप्रिल २०२५ चे. भाडेकरूने ७ एप्रिलला ८,५००, ९ मेला ५,००० आणि १२ जूनला ८,००० दिले. जुलैत अजून काही आलेले नाही. १० जुलैला शीट उघडली तर देय ३४,०००, जमा २१,५०० आणि बाकी १२,५०० दिसते. महिन्यांच्या जुन्या तक्त्यातही बेरीज एवढीच येईल. पण त्यात मेचे ३,५००, जूनचे ५०० आणि जुलैचे ८,५०० अशी तुकड्यांची बाकी दिसेल आणि सर्वांत जुनी बाकी ६६ दिवसांची ठरेल. जुने आधी फेडण्याच्या क्रमाने जूनच्या ८,००० पैकी ३,५०० मेला गेले आणि मे फिटला. जूनचे ४,५०० मिळाले, ४,००० राहिले आणि जुलै पूर्ण बाकी. सर्वांत जुनी बाकी ५ जूनची, म्हणजे ३५ दिवसांची. भाडेकरू सतत मागे राहतो आहे, पण दोन महिने थकवलेला नाही, हे चित्र अधिक खरे आहे. मात्र १२ जूनला पैसे पाठवताना त्याने ‘जूनचे भाडे’ असे लिहिले असेल आणि मालकाने ते तसेच घेतले असेल, तर हे सूत्र लागू पडत नाही. बेरीज तेव्हाही बरोबर राहते, पण वय हाताने पाहावे लागते. म्हणून ‘जमा’ शीटमध्ये शेराचा कॉलम ठेवून भाडेकरूचे शब्द जसेच्या तसे उतरवावेत.

अशी शीट बिघडते तेव्हा ती चूक दाखवत नाही, गप्प राहून चुकीची बेरीज देते. संकेतामागे एक जादा मोकळी जागा पडली तरी त्या भाडेकरूची जमा मोजली जात नाही. तारीख 5.4.2025 अशी टाइप केली की ती बहुधा साधा मजकूर म्हणून राहते आणि "<=" ची अट तिला ओळखत नाही; अशी तारीख चौकोनात आपोआप डावीकडे चिकटते, खरी तारीख उजवीकडे. फाइलची भाषा अमेरिकी इंग्रजी असेल तर 05/04/2025 म्हणजे ५ एप्रिल न राहता ४ मे होते. संकेत टाइप करण्याऐवजी यादीतून निवडण्याची सोय केली तर पहिला धोका टळतो. बाकीच्यांसाठी महिन्यातून एकदा या दोन बेरजा पाहाव्यात:

```
=SUM('जमा'!C:C)-SUM('थकबाकी'!C2:C100)
=COUNT('देय'!A2:A500)-COUNT('देय'!D2:D500)
```

दोन्हींचे उत्तर शून्य यायला हवे. पहिले शून्य नसेल तर एखादी जमा कोणत्याच संकेताला लागलेली नाही. दुसरे शून्य नसेल तर कुठल्या तरी ओळीत तारीख किंवा रक्कम खऱ्या आकड्याच्या रूपात नाही. 05/04 आणि ४ मेची गल्लत या दोन्ही बेरजांत सापडत नाही. त्यासाठी तारखेचा कॉलम महिन्याचे नाव दिसेल अशा रूपात ठेवावा.

भाडेकरू खोली सोडतो तेव्हा त्याच्या शेवटच्या ओळीत राहिलेले लाइट बिल ‘देय’मध्ये टाकावे आणि डिपॉझिटमधून कापलेली रक्कम ‘जमा’मध्ये, प्रकार ‘डिपॉझिटमधून’ असे लिहून. बाकी शून्य झाली की संकेत बंद होतो, पण त्याच्या ओळी पुसायच्या नसतात. पुढचा भाडेकरू R3C म्हणून नव्या ओळीपासून सुरू होतो.