माथ्यावर कधीच न पोचणारा लंबक

एक मीटर लांबीची हलकी, ताठ दांडी आणि टोकाला छोटा गोळा, असा लंबक घेऊ. घर्षण नाही असे मानू. त्याची पूर्ण अवस्था सांगायला दोनच आकडे पुरतात: खालच्या उभ्या रेषेपासूनचा कोन θ आणि कोनीय वेग ω. कोन आडव्या अक्षावर आणि वेग उभ्या अक्षावर मांडला की लंबकाची गती म्हणजे एक वक्र होते. या प्रतलाला फेज स्पेस म्हणतात.

लंबक तळाशी असताना त्याला सेकंदाला ६ रेडियन वेग दिला, तर गोळा सुमारे १४७ अंशांपर्यंत चढून परततो. आलेखावर मूळ बिंदूभोवती बंद वलय उमटते. हे आंदोलन. वेग ६.५ केला, तर माथ्यावरही सेकंदाला १.७५ रेडियन वेग उरतो आणि गोळा फिरतच राहतो. वेग कधीच शून्य होत नसल्यामुळे हा वक्र आडव्या अक्षाला शिवत नाही. वरखाली होत पुढे सरकतो. हे पूर्ण भ्रमण.

या दोहोंमधली सीमा ६.२६ वर आहे. तळाची गतिज ऊर्जा तिथे गोळा माथ्यावर नेण्यापुरतीच असते. सीमावक्राचे, म्हणजे सेपरेट्रिक्सचे, सूत्र असे:

ω = ±2ω₀ cos(θ/2), ω₀ = √(g/l) ≈ 3.13

त्याच्या दोन्ही शाखा ±१८० अंशांवर मिळतात. (दांडीसाठी ही एकच जागा आहे.) इथे विद्यार्थी अडखळतात. कोन आणि वेग ठरले की पुढची गती ठरते; मग दोन मार्ग एका बिंदूत मिळतीलच कसे? उत्तर असे, की सीमेवरचा लंबक तिथे पोचतच नाही. माथ्याजवळ उरलेले अंतर दर ०.३२ सेकंदाला साधारण ३७ टक्के होते, पण शून्य कधीच होत नाही. त्या बिंदूवर स्थिर उभा लंबक ही तिसरी, स्वतंत्र गती आहे.

सीमेच्या आत मात्र हा विलंब मोजता येतो. लहान आंदोलनांचा आवर्तनकाल सुमारे २ सेकंद असतो. माथा १० अंश दूर ठेवून परतणाऱ्या लंबकाला ४.९ सेकंद लागतात, १ अंश दूर ठेवला तर ७.८ आणि ०.१ अंशावर १०.८. अंतर दहापट घटले, तरी भर जेमतेम तीन सेकंदांचीच पडते. वाढ लॉगरिथमिक आहे, म्हणून प्रयोगात अनंताची चाहूल फार हळू लागते.

संगणकावर हे चित्र काढताना साधी ऑयलर पद्धत फसवते. ती प्रत्येक आवर्तनात थोडी ऊर्जा वाढवते. वलय उलगडत जाते आणि आंदोलणारा लंबक अखेर सीमा ओलांडून फिरू लागतो. म्हणून चित्रासोबत ω²/2 − ω₀² cos θ ही राशीही छापावी. ती सरकू लागली, तर दोष गणनेचा आहे, लंबकाचा नव्हे.