रिकामा रकाना आणि गुरुवार संध्याकाळ

कॉलेजात 'नॅक'चा वार्षिक अहवाल लिहायची वेळ आली की एक दस्तऐवज पंधरा-वीस जणांत वाटला जातो. १९९४ साली स्थापन झालेली ही परिषद ठरलेल्या निकषांवर महाविद्यालयांचे मूल्यांकन करते. त्या निकषांची माहिती प्रत्येक विभागाने आपापल्या रकान्यात भरायची आणि अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या समन्वयकाने ती जुळवून पोर्टलवर चढवायची. मुदत उलटते तेव्हा बहुतेक रकाने भरलेले असतात, एखादाच रिकामा असतो आणि त्याच्यापायी सगळे अडते. तो भरायचा असतो अशा सहकाऱ्याने, ज्याच्याबरोबर आपण रोज डबा खातो.

अशा वेळी समन्वयक दोनपैकी एक मार्ग धरतात. काही जण 'जमेल तसं बघा ना जरा' म्हणतात, म्हणजे मुदत स्वतःच पुसून टाकतात. काही जण विभागांच्या ग्रुपवर 'अद्याप माहिती न दिलेल्यांनी तातडीने द्यावी' असे टाकतात. हा दुसरा मार्ग मला जास्त वाईट वाटतो. नाव घेतलेले नसले तरी कोणाबद्दल बोलणे चालले आहे हे सगळ्यांना कळते. त्या माणसाचा दिवस मग माहिती गोळा करण्याऐवजी आपली बाजू मांडण्यात जातो.

निरोप पाठवण्याआधी दस्तऐवज तपासावा. गूगल डॉक्समध्ये Share उघडले की कोणाला कोणता अधिकार दिला आहे ते दिसते. नावापुढे Viewer असेल तर त्या व्यक्तीला वाचता येते, लिहिता येत नाही. कॉलेजच्या ई-मेलवर पाठवलेली सूचना, रोज खासगी ई-मेलच पाहणाऱ्या माणसाला दिसतच नाही. 'मी तर कमेंटमध्ये टॅग केलं होतं' ही तक्रार पुष्कळदा इथेच संपते. Version history मध्ये त्यांनी काही लिहून पुसले आहे का हेही कळते. अर्धवट लिहून थांबलेल्या माणसाची अडचण वेगळी असते. त्याला आठवणीपेक्षा मदत हवी असते.

आता निरोप. समजा, पदवीनंतर नोकरी लागलेल्या विद्यार्थ्यांचा तक्ता वाणिज्य विभागाच्या मॅडमकडून यायचा आहे आणि ठरलेला सोमवार उलटून गेला आहे. मी असे लिहीन:

'मॅडम, नमस्कार. नोकरी लागलेल्या विद्यार्थ्यांचा तक्ता सोमवारी यायचा होता, वाणिज्यच्या ओळी अजून रिकाम्या आहेत. सध्या फक्त नाव, कंपनी आणि वार्षिक पगार हे तीन रकाने हवेत. नियुक्तीपत्रं पुढच्या आठवड्यात दिलीत तरी चालेल. गुरुवारी संध्याकाळी ५ पर्यंत भरलंत तर शुक्रवारी मी आकडे जुळवेन, शनिवारी प्राचार्य तपासतील आणि सोमवारी अहवाल पोर्टलवर जाईल. पेपर तपासणीत अडकला असाल तर उद्या दुपारपर्यंत कळवा. तुमच्याकडची यादी मी घेऊन जाईन आणि भरेन, तुम्ही फक्त नजर टाका.'

यात उशीर झाला हे एकदाच आणि सरळ सांगितले आहे. काम तीन रकान्यांपुरते आणले आहे, कारण मॅडम बहुधा पत्रांच्या स्कॅनसाठी थांबल्या असतील आणि त्यामुळे तयार यादीही पडून असेल. गुरुवार का, हे पुढच्या तीन दिवसांच्या कामातून दिसते. आणि 'उद्या दुपारपर्यंत' हा टप्पा सर्वांत उपयोगी. नाही म्हणायचे असेल तर ते गुरुवारी रात्री नव्हे, बुधवारी कळते.

खोटी मुदत मात्र देऊ नये. खरी मुदत सोमवारची असताना 'आज रात्री पोर्टल बंद होतंय' असे सांगितले, तर यंदा काम होईल, पण पुढच्या वर्षी आपली कोणतीच तारीख कोणी खरी मानणार नाही. हाताशी दोन दिवस राखायचे असतील तर ते जुळवणीसाठी आहेत असे उघड सांगावे.

हा निरोप वैयक्तिक पाठवावा. तीच मागणी दस्तऐवजात त्या ओळीवर कमेंट म्हणूनही ठेवावी, @ लिहून त्यांचा ई-मेल द्यावा आणि Assign वर खूण करावी. मग शोधाशोध न करता त्यांना थेट त्या जागी जाता येते.

बुधवार दुपारपर्यंत उत्तर आले नाही, तर आणखी निरोप न पाठवता फोन करावा किंवा स्टाफरूममध्ये गाठावे. गुरुवारही रिकामा गेला, तर प्राचार्यांना सांगणे भाग आहे, पण आधी मॅडमना सांगून: 'उद्या सकाळी सरांना कळवावं लागेल, तोवर आहे तेवढी यादी द्या. राहिलेल्या ओळींपुढे "माहिती अपेक्षित" लिहून मी तपासणीला देते.' प्राचार्यांपुढेही 'वाणिज्यच्या इतक्या ओळी बाकी आहेत, यादी अमुक दिवशी मिळेल' एवढेच मांडावे. उशीर कोणामुळे झाला याची चर्चा त्या बैठकीत काढू नये, कारण पुढच्या निकषाची माहितीही त्याच मॅडमकडून यायची असते.