पहिल्या नोकरीसाठी क्लाउडचे कोणते प्रमाणपत्र घ्यावे?

पदवीनंतर क्लाउड क्षेत्रात शिरू पाहणाऱ्या मुलामुलींपुढे दोन वाटा असतात. एक, विशिष्ट कंपनीच्या सेवांवर आधारलेले प्रमाणपत्र. उदाहरणार्थ, अ‍ॅमेझॉनच्या एडब्ल्यूएसचे किंवा मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअरचे. दुसरी, कोणत्याही कंपनीशी न बांधलेले. जसे कॉम्पटिया या संस्थेचे क्लाउड प्लस. दुसरी वाट व्यापक, म्हणून अधिक शहाणपणाची वाटते. पहिल्या नोकरीपुरते मात्र तसे नाही.

क्लाउड प्लस ही परीक्षा मुळात काही वर्षे सर्व्हर वा नेटवर्क सांभाळलेल्या व्यक्तीला समोर ठेवून रचलेली आहे. शिवाय नोकरी देणाऱ्याने एखाद्या कंपनीची सेवा आधीच घेतलेली असते आणि त्याला तीच हाताळणारा माणूस हवा असतो. नावे-जमेचे नियम सर्व बँकांत एकच. तरी काउंटरवर बसणाऱ्याला त्या बँकेची संगणकप्रणाली यावीच लागते.

मग कंपनी कोणती निवडावी? समजा, सांगलीच्या एका पदवीधर मुलीला पुण्यात नोकरी हवी आहे. तिने नवोदितांसाठीच्या ३० जाहिराती जमवून त्यांतील शब्द मोजले. १६ जाहिरातींत अ‍ॅझ्युअर, ९ मध्ये एडब्ल्यूएस आणि उरलेल्या ५ मध्ये कोणतेच नाव नाही. मात्र २० जाहिरातींत लिनक्स व नेटवर्किंगची मागणी आहे. तिने अ‍ॅझ्युअर निवडावे. केवळ ‘फंडामेंटल्स’ या प्राथमिक परीक्षेवर न थांबता ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असोसिएट’पर्यंत जावे, कारण प्राथमिक परीक्षा संकल्पनांची ओळख तपासते, काम करण्याची क्षमता नव्हे. असोसिएट प्रमाणपत्राची मुदत एक वर्षाची असते. ऑनलाइन चाचणी देऊन ते विनाशुल्क वाढवता येते. एडब्ल्यूएसच्या प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची आहे.

त्या २० जाहिरातींचे काय? कंपनीनिरपेक्ष ज्ञानाचे खरे स्थान तेथे आहे. मुलाखतीत हमखास शोभेल असा एक प्रश्न पाहा: ‘क्लाउडवर सर्व्हर सुरू आहे, पण संकेतस्थळ उघडत नाही. काय तपासाल?’ सर्व्हरला सार्वजनिक आयपी पत्ता आहे का, बाहेर जाणारा मार्ग नेमला आहे का, सुरक्षा-नियमांत ४४३ क्रमांकाचे पोर्ट खुले आहे का आणि शेवटी सर्व्हरवर वेब-सेवा चालू आहे का, हा क्रम दोन्हीकडे सारखाच. बदलतात ती नावे. एडब्ल्यूएसमध्ये ‘सिक्युरिटी ग्रुप’, तर अ‍ॅझ्युअरमध्ये ‘नेटवर्क सिक्युरिटी ग्रुप’. ज्याने केवळ प्रश्नसंच पाठ केला, तो पहिल्या पायरीवरच अडतो.

म्हणून परीक्षाशुल्क कंपनीच्या प्रमाणपत्रासाठी खर्चावे आणि नेटवर्किंग व लिनक्सचा अभ्यास परीक्षेविनाही पक्का करावा. एखाद्या जाहिरातीत क्लाउड प्लसच नावाने मागितले असेल, तर अर्थातच हा हिशेब बदलतो.