चढावर काय, उतारावर काय, गोळी वरच लागते

१९९९ च्या कारगिल युद्धात घुसखोर द्रासच्या शिखरांवर होते आणि खाली श्रीनगर-लेह महामार्ग. अशा उभ्या उतारांवर, सपाट रेंजवर घोटून पक्का केलेला नेम जसाच्या तसा चालत नाही. चढावर मारलेली गोळी थकून खाली पडेल आणि उतारावर मारलेली वर जाईल, असं साहजिकच वाटतं. प्रत्यक्षात दोन्हीकडे ती वरच लागते.

याचं कारण असं. रायफलची नळी नजरेच्या रेषेपेक्षा किंचित वर रोखलेली असते, कारण नळीतून सुटल्याक्षणी गोळी नळीच्या रेषेखाली पडू लागते. सपाट जागी गुरुत्वाकर्षण त्या रेषेला जवळजवळ काटकोनात ओढतं, म्हणजे त्याचा सगळा जोर गोळीला रेषेखाली नेण्यात जातो. रायफल चढाकडे किंवा उताराकडे कलली, की त्या ओढीचा काही भाग रेषेच्या दिशेनेच वळतो. तो गोळीला जरासा मंदावतो किंवा जरासा वेग देतो. एवढ्या वेगवान गोळीला त्याने फारसा फरक पडत नाही. रेषेखाली ओढणारा भाग मात्र कमी झालेला असतो. अगदी उभी वर गोळी झाडली, तर तिला रेषेपासून बाजूला ओढणारं काहीच उरत नाही.

आता हिशेब करून पाहू. लक्ष्य ३० अंश चढावर आहे आणि दुर्बिणीतल्या मापकाने अंतर ४०० मीटर दाखवलं. हे अंतर तिरकं. जमिनीवर आडवं मोजलं तर ते ४०० गुणिले ०.८७, म्हणजे साधारण ३४६ मीटर भरतं. नेम ३४६ मीटरचा धरायचा. कोणी साइट ४०० वरच ठेवली, तर ७.६२ मिलिमीटरच्या नेहमीच्या रायफलची गोळी अंदाजे वीस-पंचवीस सेंटिमीटर वर जाते. छातीवर धरलेला नेम गळ्यापर्यंत पोचायला एवढं पुरे आहे.

१० अंशांपर्यंत हा फरक नगण्य असतो. ४०० मीटरचे तिथे ३९४ होतात, त्यासाठी साइटला हात लावायची गरज नाही. अडचण येते ती कोन नजरेने जोखताना. डोंगराखाली उभं राहिलं की उतार असतो त्यापेक्षा बराच उभा वाटतो आणि दुरुस्ती गरजेपेक्षा जास्त होते. मग गोळी खाली लागते. म्हणून कोन मोजूनच घ्यावा.

या नियमालाही मर्यादा आहे. गोळी हवेतून पूर्ण ४०० मीटर कापते, ३४६ नव्हे. त्यामुळे अंतर वाढत गेलं, कोन उभा होत गेला, की नुसत्या आडव्या अंतराचा हिशेब थोडी जादा दुरुस्ती करतो. वाऱ्याच्या बाबतीत तर तो वापरूच नये. वारा पूर्ण ४०० मीटरचाच धरावा लागतो.