परीक्षेच्या तोंडावर लुळा पडलेला पाय

एका मुख्याध्यापिकाबाईंनी पत्रातून मला एक प्रश्न केला आहे. सर्व तपासण्या निर्दोष निघाल्या, एवढ्यावरून मुलीचे दुखणे मनाचे ठरवणे न्याय्य आहे काय, असे त्या विचारतात. नाही, मुळीच न्याय्य नाही. निदानास प्रत्यक्ष पुरावा लागतो, आणि तो सापडतोही.

दहावीतली एक मुलगी पूर्वपरीक्षेच्या सकाळी अंथरुणातून उठली ती उजवा पाय फरफटतच. घरच्यांनी दृष्ट काढली, अंगारा लावला, मग डॉक्टर गाठले. गुडघ्याचा झटका यथास्थित होता, तळव्यावर रेघ ओढताच बोटे खाली वळत होती, लघवीची तक्रार नव्हती. डॉक्टरांनी तिला उताणे निजवून उजव्या टाचेखाली तळहात ठेवला व टाच खाली दाबण्यास सांगितले, तेव्हा दाब जवळजवळ नव्हता. मग त्यांनी डावा पाय वरून रेटून धरला व तोच उचलण्यास फर्मावले. तिचे सारे चित्त डाव्या पायात गुंतले, आणि त्याच क्षणी उजवी टाच तळहातावर भक्कम दाबली गेली. एक पाय उचलताना दुसरा आपोआप बिछान्यास रेटा देतो, या साध्या नियमावर आधारलेली ही खूण क्लीव्हलँडच्या चार्ल्स हूव्हर यांनी १९०८ साली प्रसिद्ध केली.

डॉक्टरांनी पुढे जे केले ते मला सर्वांत मोलाचे वाटते. ही खूण गुपित न ठेवता त्यांनी मुलीस ती समजावली, वडिलांचा तळहात टाचेखाली ठेवून तीच परीक्षा पुन्हा केली, आणि सांगितले की मज्जातंतू शाबूत आहेत, परंतु पायाकडे लक्ष जाताच इच्छेचा हुकूम मध्येच अडतो, म्हणून ही अशक्तता खरी असून बरी होणारीही आहे. सोंग आणि हा विकार यांतला भेद मात्र या एका खुणेने ठरत नाही. त्याकरिता साऱ्या हकिगतीतील सुसंगती पाहावी लागते, आणि ही मुलगी कोणी पाहत नसतानाही तशीच फरफटत चाले.

इलाजही त्याच धोरणाने झाला. व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनी तिला उलटे चालावयास लावले, उभ्याने चेंडू झेलावयास लावला, जेणेकरून लक्ष पायावरून उडावे. घरी ‘आता कसा आहे पाय?’ ही विचारपूस बंद झाली, उचलून नेणे थांबले. शाळेने परीक्षा माफ केली नाही. तळमजल्यावर बसण्याची तजवीज करून प्रथम दोन तास, मग पूर्ण दिवस अशी हजेरी वाढवली. गणित मागे पडल्याचे तिने चार महिने लपवले होते, ते मग समुपदेशनात आपसूक बाहेर आले. चालणे पंधरवड्यात सुधारले. मार्चात लेखी परीक्षेस ती बसली.

खुब्यात वेदना असली तर ही खूण फसवी ठरते, हे मात्र ध्यानात असावे. आणि अशक्तता पायांतून वर चढू लागली, गुडघ्याचा झटका नाहीसा झाला किंवा लघवी अडली, तर परीक्षेचा काळ असो वा नसो, त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.